फोटोवरून रीडिंग्जचा तक्ता करणारं ॲप: सात महिन्यांनंतर, एका दशांश टिंबापायी

वर्गणीची मुदत परवा संपली आणि मी ती वाढवली नाही. हे ॲप काय करतं ते बहुतेकांना माहीत असेल: वहीच्या पानाचा फोटो काढा, चौकटी ओढा, आकडे तक्त्यात येतात. माझ्याकडे प्रयोगशाळेतल्या गटांच्या वह्यांचे फोटो येतात, वह्या सगळ्या ग्राफ पेपरच्या, आणि त्यांतली रीडिंग्ज युनिटसह एका शीटमध्ये आणणं हे माझं काम. पहिले दोन महिने मी सगळ्यांना हे ॲप घ्या म्हणून सांगत होते. हाताने टाइप करायला जिथे अर्धा तास जायचा तिथे पाच मिनिटांत पान उरकायचं.

मग स्प्रिंगचा प्रयोग आला. टांगलेल्या स्प्रिंगला ५०-५० ग्रॅमची वजनं लावायची, काटा मोजपट्टीवर कुठे येतो ते लिहायचं, आणि त्यातून स्प्रिंग किती सेंटिमीटर वाढली ते काढायचं. एका गटाच्या पानावरून ॲपने वाढीचा रकाना असा दिला: २०, ३९, ५९, ७८, ९८. आलेख काढला तर सगळे बिंदू एका सरळ रेषेत, रेषा शून्यातून जाणारी. इतका सुरेख आलेख पाहून कोण शंका घेणार? स्थिरांक आला २.५ न्यूटन प्रति मीटर. त्याच स्प्रिंगवर दुसऱ्या गटाला २५ मिळाला होता.

वही उघडली तेव्हा दिसलं की मुलीने २.०, ३.९, ५.९, ७.८, ९.८ असंच लिहिलं होतं. पाचही टिंबं ॲपने गिळली होती. एखादंच टिंब गेलं असतं तर तो बिंदू रेषेबाहेर उडाला असता आणि चूक लगेच कळली असती. सगळीच गेली की प्रत्येक आकडा दहापट होतो, रेषा सरळच राहते, फक्त तिचा चढ बदलतो. म्हणजे ज्या आलेखाच्या भरवशावर आपण रीडिंग्ज तपासतो, तोच इथे काही सांगत नाही.

पाचही का गेली, हे शोधायला मला एक संध्याकाळ लागली. ग्राफ पेपरवर दर मिलिमीटरला बारीक रेघ असते आणि दर सेंटिमीटरला जाड. त्या मुलीचं लिखाण फार नेटकं. रकान्यातले आकडे एकाखाली एक यावेत म्हणून तिने प्रत्येक टिंब नेमकं जाड उभ्या रेघेवर ठेवलं होतं. शेजारच्या रकान्यात काट्याची रीडिंग्ज होती, १२.० पासून २१.८ पर्यंत. तिथली टिंबं रेघांच्या मधे पडली होती, म्हणून ती शाबूत राहिली. वही जितकी व्यवस्थित, तितका या ॲपचा घोटाळा मोठा, हे मला अजूनही खटकतं.

मदत विभागाला दोन्ही रकान्यांचे फोटो पाठवले. उत्तर आलं की चांगल्या उजेडात, पान सपाट ठेवून फोटो काढा. काढला. पुन्हा तेच. मी परत लिहिलं की प्रश्न उजेडाचा नाही, रेघेचा आहे. त्यावर पहिलंच उत्तर शब्दही न बदलता आलं. त्या दिवशी ठरवलं की या लोकांना आता पैसे द्यायचे नाहीत.

पण इथे माझं मत थोडं बदललं, तेही सांगायला हवं. ॲपमध्ये फोटो आला की आपोआप ‘दस्तऐवज’ मोड लागतो आणि चित्र निव्वळ काळं-पांढरं होतं. आमच्या वह्यांच्या रेघा हिरव्या. काळं-पांढरं करताना जाड हिरवी रेघही काळी ठरते आणि निळ्या शाईचं टिंब तिच्यात विरून जातं. मोड बदलून ‘रंगीत’ ठेवला तर बरीचशी टिंबं परत आली. म्हणजे वाचणारा भाग मला वाटला तितका वाईट नव्हता, त्याच्या हाती चित्रच बिघडून जात होतं. एवढं वाक्य मदत विभागाने लिहिलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं.

पुढे मी फोटो ॲपला देण्याआधी स्वतःच गाळायला लागले. रंगीत फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. हिरवी रेघ हिरव्या थरात जवळजवळ कागदाइतकीच उजळ दिसते, निळी शाई मात्र गडदच राहते. तेवढा एक थर ImageMagick ने वेगळा काढायचा:

```
magick pan.jpg -channel G -separate pan_g.png
```

नारिंगी किंवा लाल रेघांच्या वहीला `G` ऐवजी `R`. रेघाही निळ्या आणि पेनही निळं असेल तर हा उपाय चालत नाही. मेसेजमधून दाबून, लहान होऊन आलेल्या फोटोतही फारसा फरक पडत नाही, कारण दाबताना आधी रंगाचेच बारकावे जातात. म्हणून मी फोटो फाइल म्हणून मागवते.

युनिटच्या बाबतीत मात्र मत बदललेलं नाही. रकान्याच्या डोक्यावरचं ×10⁻³ या ॲपने मला एकदाही धड दिलं नाही. वरचा उणे आणि तीन खाली येतात, उणे गळतं, आणि 103 उरतं. शिवाय कुणी आकड्यापुढे सेमी लिहिलं असेल तर चौकटीत `2.0 cm` असंच येतं, शीटच्या लेखी तो मजकूर ठरतो आणि `SUM` त्याला निमूटपणे वगळतं. वजाबाकीत निदान `#VALUE!` तरी दिसतं. आता डोक्यावरची ओळ मी हातानेच टाइप करते, `m / g`, `y / cm`, `x / cm`, आणि खाली नुसते आकडे. १२.० चं १२ होऊ नये म्हणून रकान्याला `0.0` हा फॉरमॅट देते. मोजपट्टी मिलिमीटरपर्यंत वाचली होती, हे त्या शून्यावरूनच कळतं.

सात महिन्यांत हाती लागलेली सगळ्यात कामाची गोष्ट या ॲपमध्ये नाहीच. वहीतला जो रकाना दुसऱ्या रकान्यावरून काढलेला असतो, तो मी फोटोवरून आला तसा ठेवतेच, पण शेजारी शीटकडून पुन्हा काढून घेते. काट्याची रीडिंग्ज `B` मध्ये, वजन नसतानाचं `B2` मध्ये, आणि वहीतली वाढ `C` मध्ये असेल, तर:

```
=B3-$B$2
=ABS(C3-D3)>0.05
```

पहिलं सूत्र `D3` मध्ये, दुसरं `E3` मध्ये, आणि दोन्ही खाली ओढायची. त्या पानावर १४.० वजा १२.० म्हणजे २.०, आणि ॲपचं उत्तर २०. पाचही ओळींत `TRUE` आलं असतं आणि मी आलेखापर्यंत गेलेच नसते. मुलाने वजाबाकीत केलेली चूकही इथेच सापडते. तेव्हा मी वहीतला आकडा दुरुस्त करत नाही, शेजारी नोंद करते, कारण तो त्याचा आकडा आहे. काट्याच्या रकान्यातलीही सगळी टिंबं गेली तर मात्र हा ताळा गप्प बसतो. तिथे मोजपट्टीच उपयोगी पडते: अर्ध्या मीटरच्या पट्टीवर २१८ सेंटिमीटर कुठून येणार?

सध्या फुकट मिळणारी आवृत्ती ठेवली आहे. तिच्यात दिवसाला मोजकीच पानं होतात, पण हिरवा थर काढून दिलेल्या पानांवर ती पैसे भरलेल्या आवृत्तीइतकंच वाचते. उरलेली पानं हातानेच टाइप करते: डाव्या अर्ध्या पडद्यावर फोटो, उजवीकडे शीट, एका वेळी एकच रकाना वरून खाली. आणि गटांना एवढं सांगितलं आहे की टिंब ठळक द्या आणि जाड रेघेपासून दोन बारीक घरं लांब ठेवा. परवा त्याच मुलीचं नवं पान आलं. रकाना तितकाच सरळ, फक्त दोन मिलिमीटर उजवीकडे सरकलेला. `E` मध्ये सगळीकडे `FALSE`.