इअरबडची टक्केवारी उड्या मारते: पूर्ण सायकल की नवा सेल?

आत्ता 60 टक्के, दोन गाण्यांनंतर 30, आणि कॉल घेतला की कानातला आवाजच बंद. यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, पूर्ण चार्ज करून पूर्ण उतरवा, आकडा ताळ्यावर येईल. दुसरा म्हणतो, सेल म्हातारा झालाय, बदला. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त ते दोन वेगळ्या दुखण्यांवरचे आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. सगळ्याच उड्या म्हणजे बिघाड नव्हे. बरेच इअरबड फोनला दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यातच आकडा कळवतात, त्यामुळे 70 नंतर एकदम 60 दिसणं स्वाभाविक आहे. काही फोन दोन्ही बड्सचा मिळून एकच आकडा दाखवतात. तो कधी डाव्याचा असतो, कधी कमी चार्ज असलेल्याचा. म्हणून निवाडा करण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये डावा-उजवा वेगळा बघा. बडच्या आणि केसच्या पिनाही कोरड्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. मळ बसला की बड केसमध्ये असूनही चार्ज होत नाही, आणि दोष मात्र बॅटरीवर जातो.

आता पहिला पर्याय, म्हणजे पूर्ण सायकल. यातून सेल सुधारत नाही, सुधारतो तो हिशेब. बडमधली चिप आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला हे मोजत असेल, तर त्या मोजणीत बारीक चूक साचत जाते. ती पुसली जायला सेलने अधूनमधून वरचं आणि खालचं टोक गाठावं लागतं. इअरबड तसे कधी गाठतच नाहीत, कारण अर्धा तास वापरले की आपण ते परत केसमध्ये टाकतो आणि चार्जिंग लगेच सुरू होतं. महिनोन्महिने असं चाललं की आकडा भरकटतो.

सायकल अशी करा. बड्स केसमध्ये ठेवून केस चार्जरला लावा आणि 100 दिसल्यावरही तासभर तशीच राहू द्या. मग दोन्ही बड्स बाहेर काढून मध्यम आवाजात गाणी लावा. नॉइज कॅन्सलेशन चालू किंवा बंद, जे ठेवाल ते शेवटपर्यंत तसंच ठेवा. कानातून काढल्यावर गाणी थांबत असतील तर अ‍ॅपमधून ती सोय तेवढ्यापुरती बंद करा. बड आपोआप बंद होईपर्यंत मध्ये केसमध्ये ठेवायचा नाही. पाच मिनिटं ठेवला तरी सायकल मोडली. बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा चालू करून उरलासुरला चार्ज पिळू नका. अर्धा तास बाहेर राहू द्या आणि मग एका दमात पूर्ण चार्ज करा. दोन सायकलींत फरक पडला नाही, तर तिसरीने पडेल अशी आशा मला तरी वाटत नाही.

त्याला कारण आहे. अनेक स्वस्त बड्समध्ये करंट मोजणारी व्यवस्थाच नसते. चिप फक्त व्होल्टेज बघते आणि ठरलेल्या तक्त्यातून टक्के काढते. तिथे शिकण्यासारखं काही नसल्यामुळे सायकल वाया जाते. लिथियम सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात, साधारण 3.7 ते 3.8 व्होल्टच्या आसपास, फार सावकाश उतरतं. तिथे व्होल्टेज थोडंसं हललं तरी आकडा दहा-वीस टक्के सरकतो.

निर्णय ठरतो तो कॉलवर. गाणी ऐकताना 40 टक्के दाखवणारा बड कॉल सुरू होताच बंद पडतो, आणि दहा मिनिटांनी चालू केला की 20 टक्के दाखवत उठतो. समोरच्याचं वाक्य अर्धवट तुटतं, आवाज फोनच्या स्पीकरवर जातो, आणि आकड्यावरचा विश्वास कायमचा उडतो. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. कॉलमध्ये माइक, आवाजावरची प्रक्रिया आणि दुतर्फा रेडिओ एकदम करंट ओढतात. त्या ओढीने व्होल्टेज खाली बसतं आणि चिप बड बंद करते. भार गेला की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून मेलेला आकडा पुन्हा जिवंत होतो. सायकल केल्यावर काही दिवस आकडे सरळ दिसतीलही, पण कॉलवर बड तसाच बंद पडेल, कारण रोध जागचा हललेला नाही. थंडीत रोध तात्पुरता वाढतो, त्यामुळे चांगला सेलही असं वागू शकतो; तपासणी घरातल्या तापमानातच करा.

मग ओळखायचं कसं? आकडा झाकून घड्याळ बघा. समजा, बड नवे असताना नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवून सहा तास चालायचे. सायकल करताना डावा पाच तास वीस मिनिटं चालला. मात्र 100 वर दोन तास अडकला, मग झपाट्याने 10 वर आला आणि तिथून तासभर चालत राहिला. त्याचा सेल ठीक आहे, हिशेब चुकलाय, सायकल त्याच्यासाठीच. उजवा पावणेतीन तासांत बंद पडला, तोही 35 टक्के दाखवत असताना. त्याचा सेल संपत आलाय. डाव्या-उजव्यात थोडा फरक चालतो, कारण काही जोड्यांत एकाच बडचा माइक चालतो आणि तोच जास्त झिजतो. पण वेळ मूळच्या अर्ध्यावर आली असेल तर सायकलींच्या मागे लागू नये. पूर्ण उतरवण्याने सेलवर ताण येतोच. 50 मिलीअँपिअर-तासांच्या आसपासच्या एवढ्याशा सेलला दर आठवड्याला पिळणं म्हणजे उरलेलं आयुष्यही खर्च करणं.

सेल बदलणं सोपं आहे असं मात्र म्हणवत नाही. सुटा बड मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण उघडलेल्या बडचं पाण्यापासूनचं संरक्षण जवळपास जातंच. दुरुस्ती करून घेणार असाल तर जुन्या सेलवरचा क्रमांक वाचा. 1254 म्हणजे व्यास 12 मिलिमीटर आणि जाडी 5.4 मिलिमीटर. माप जुळलं म्हणजे झालं असं नाही. पूर्ण चार्जचं व्होल्टेजही जुन्याइतकंच हवं. 4.2 व्होल्टच्या सेलला 4.35 पर्यंत भरणारी चिप मिळाली तर तो फुगू शकतो. त्याच मापाचा, चार्ज न होणारा साधा बटन सेल तर कधीच बसवू नये. सेलवर थेट सोल्डरिंग करू देऊ नका, पट्ट्या आधीच जोडलेला सेल मागा.

बडची शिवण उघडली असेल, तो केसमध्ये नीट बसत नसेल किंवा चार्जिंगला चटका देण्याइतका तापत असेल, तर सायकलही नको आणि वापरही नको.

नाहीतर माझा कल असा: घड्याळ लावून एकच सायकल करा. वेळ मूळच्या तीन-चतुर्थांशाच्या वर असेल तर आकड्याकडे थोडं दुर्लक्ष करून वापरत राहा. त्याखाली असेल आणि तुमचा वापर मुख्यतः कॉलसाठी असेल, तर सेल किंवा बड बदला. फक्त गाणी ऐकत असाल तर आणखी काही महिने निघतील. नवा सेल बसल्यावर मात्र एक पूर्ण सायकल जरूर करा, कारण चिपच्या हिशेबात अजून जुनाच सेल असू शकतो.