रंग कधी भरायचा: वाचून झाल्यावर की सोडवून पाहिल्यावर?

अभ्यासक्रमाच्या यादीत प्रत्येक घटकापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा रंग भरायचा आणि पुढच्या उजळणीत लाल-पिवळे घ्यायचे, हे सोपं आहे. खरा प्रश्न रंग कशावरून ठरवायचा हा आहे.

वाचून संपलं की लगेच रंग भरला तर दोन मिनिटांत काम होतं. पण नुकतंच वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे. मी भौतिकशास्त्रात ‘प्रकाश’ असाच हिरवा केला होता. आठवड्याने वही मिटून गणित घेतलं, तर अंतर्वक्र भिंगाच्या नाभीय अंतराला ऋण चिन्ह द्यायचंच राहिलं. सूत्र पाठ होतं, उत्तर मात्र चुकलं.

दुसऱ्या पद्धतीत निदान एक दिवस जाऊ द्यायचा, मग पुस्तक न उघडता पाच प्रश्न सोडवायचे. चार-पाच बरोबर आले तर हिरवा, दोन-तीन आले तर पिवळा, त्याखाली लाल. वेळ जास्त लागतो, पण मला हीच पटते. यात घटक बारीक तोडावे लागतात. ‘प्रकाश’ एकाच ओळीत ठेवला, तर आरसे येतात म्हणून भिंगंही हिरवी दिसतात.

पहिली पद्धत अगदी टाकाऊ नाही. पहिल्या वाचनानंतर मनाने दिलेला लाल बहुधा खरा असतो, फसवतो तो हिरवा. म्हणून हिरव्याशेजारी तारीख लिहा आणि तीन आठवडे उलटले की त्यातलेही दोन प्रश्न पुढच्या फेरीत घ्या. एक जरी अडला, तर तो घटक पिवळा.