पेटत्या कढईवर पाणी नको, पावडरही नको: देवबागच्या खानावळीत घेतलेली तीन एक्स्टिंग्विशर

आमची देवबागला घरगुती खानावळ आणि दोन खोल्यांचा होमस्टे आहे. मे महिन्यात परवान्यासाठी एक्स्टिंग्विशर घ्यायची वेळ आली. विक्रेत्याचा आग्रह होता की सगळीकडे एबीसी पावडरच लावा, ‘ऑल इन वन’ आहे. मी तीन प्रकार घेतले: चार किलोचं एबीसी पावडर, दोन किलोचं कार्बन डायऑक्साइड आणि सहा लिटरचं वेट केमिकल. पावसाळा आणि दिवाळीची गर्दी उलटली, त्यातलं एक खऱ्या आगीवर वापरूनही झालं. म्हणून आता लिहितोय.

सिलिंडरवरची अक्षरं आगीत काय जळतंय ते सांगतात. लाकूड, कापड, झावळ्या, नारळाची सोडणं म्हणजे ए. पेट्रोल, डिझेल, रॉकेल म्हणजे बी. गॅस सी. डी हा मॅग्नेशियमसारख्या धातूंचा वर्ग, आपल्या घरात त्याचं काम नाही. तळणीच्या तेलाला मात्र वेगळा वर्ग आहे: युरोपच्या पद्धतीत एफ, अमेरिकेच्या पद्धतीत के. आपल्या बाजारात दोन्ही अक्षरं दिसतात, अर्थ एकच. ‘एबीसी’ असं ठळक छापलेल्या सिलिंडरवर हे अक्षर नसतं, आणि माशांच्या खानावळीला नेमकी त्याचीच गरज असते.

तेल म्हणजे द्रवच, मग बी का नाही? फरक तापमानाचा आहे. सुरमई तळताना तेल साधारण १८० अंशांवर असतं. कढई तशीच आचेवर राहिली की आधी धूर, मग डोळ्यांना झोंबणारा उग्र वास, आणि साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास तेल ठिणगीशिवाय स्वतःच पेट घेतं. म्हणजे ज्वाळा विझवली तरी तेल पेटण्याइतकंच तापलेलं राहतं. वरून हवा लागली की परत भडका. त्यामुळे ही आग विझवायची तर तेल थंड झालंच पाहिजे.

थंड करायचं तर पाणी, हा आपला पहिला विचार. पण पाणी तेलापेक्षा जड. ओतलं की खाली बुडतं आणि तिथल्या तापमानात क्षणात वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की जागा सुमारे सतराशे पट लागते. एक वाटी पाण्याला कढईच्या तळाशी एवढी जागा कुठून मिळणार? ती वाफ वरचं पेटतं तेल बारीक थेंबांच्या रूपात उडवते, आणि प्रत्येक थेंबाला चारी बाजूंनी हवा मिळते. कढईतली आग छतापर्यंत जाते ती अशी. जवळ उभा असलेला माणूस आधी भाजतो.

दिवाळीच्या गर्दीत आमच्याकडे हेच होता होता राहिलं. काकी गिऱ्हाइकांना ताटं वाढायला बाहेर गेल्या आणि कढई मोठ्या आचेवर राहिली. आत जवळजवळ तीन लिटर तेल. मी दारात पोचलो तेव्हा कढईच्या तोंडावर हातभर उंच पिवळी ज्वाळा होती. मागून काकींची हाक, “पाणी हाड रे!” मदतीला येणारा मुलगा कळशी उचलायला वाकला, त्याला ओरडून थांबवलं. आमच्या गॅस सिलिंडरची कॉक भिंतीपलीकडे पडवीत आहे, ती आधी बंद केली. शेगडीच्या बटणाकडे हात नेणं शक्यच नव्हतं. मग मेन स्विच पाडला, कारण वेट केमिकलमध्येही पाणी असतं आणि ते वीज वाहून नेतं.

झाकणाचा उपाय लहान कढईला उत्तम आहे: बाजूने सरकवत झाकायचं आणि तेल निवेपर्यंत उघडायचं नाही. आमच्या कढईएवढं झाकण हाताशी नव्हतं, ज्वाळाही उंच होती. वेट केमिकलचा सिलिंडर उतरवला, पिन ओढली, दोन मीटरांवर उभं राहून लांब नळी कढईच्या वर धरली आणि दांडा दाबला. पहिल्या क्षणी ज्वाळा थोडी उसळली आणि खूप वाफ आली. तेव्हा घाबरून सोडून देऊ नये. नळी हळूहळू गोल फिरवत राहिलो, फवारा तेलावर पावसासारखा पडू दिला. काही सेकंदांत ज्वाळा बसली आणि तेलावर पिवळट पांढरा फेस धरला. ज्वाळा गेल्यावरही सिलिंडर पूर्ण रिकामा केला.

यातही पाणीच आहे, मग भडका का नाही? दोन कारणं. फवाऱ्याचे थेंब इतके बारीक असतात की तळाशी जाण्याआधीच वरच्या वर त्यांची वाफ होते आणि ती उष्णता ओढून घेते. दुसरं, पाण्यात पोटॅशियमचे क्षार असतात. गरम खाद्यतेलाशी त्यांची क्रिया होऊन साबण बनतो. तो साबणाचा फेस हवा अडवतो. डिझेलचा असा साबण होत नाही, म्हणून होडीच्या इंजिनाला हा सिलिंडर उपयोगाचा नाही.

पावडर मारली असती तर? एबीसीमधलं अमोनियम फॉस्फेट ज्वाळा झटकन मारतं, पण तेल थंड करत नाही आणि साबणही बनवत नाही. वरून त्याचा झोत जोरदार, जवळून मारला तर पेटतं तेल ओट्यावर सांडतं. चार किलोचा सिलिंडर दहा-पंधरा सेकंदांत संपतो. त्यानंतर तेल परत पेटलं तर हातात काही उरत नाही. कार्बन डायऑक्साइडचं तेच: वायू विरला की परिणाम संपला.

म्हणून पावडर वाईट, असं नाही. आमची पावडर आता होडीच्या शेडमध्ये आहे, जिथे पेट्रोल आणि रॉकेलचे कॅन असतात. गॅसगळतीची ज्वाळा मात्र कॉक बंद केल्याशिवाय विझवू नये. विझलेला पण सुटत राहिलेला गॅस खोलीभर साठतो. कार्बन डायऑक्साइड इन्व्हर्टरजवळ आहे, कारण मागे काही उरत नाही. पावडर आपल्या दमट हवेत बोर्डाच्या सर्किटवर बसली तर गंज चढवते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरताना मात्र वायू सुटतो त्या भोंग्याला हात लावू नका, गारठ्याने कातडी भाजते. परसातल्या सोडणांच्या ढिगाला साधं पाणी सगळ्यात बरं. वरची ज्वाळा पावडरने जाते, पण आत धुमसणारं पाण्यानेच निवतं.

आता तक्रारी. खाऱ्या हवेने पावडरच्या सिलिंडरचा तळ पावसाळ्यातच गंजायला लागला. जमिनीवर ठेवू नका, भिंतीवर टांगा आणि तळाची कड दर महिन्याला पुसून बघा. गेजचा काटा हिरव्यात असला तरी कडेला फुगलेला रंग दिसला तर दुकानात दाखवा. कार्बन डायऑक्साइडला गेजच नसतो, तो वजन करूनच तपासायचा; आतला वायू दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटला की परत भरायचा. वेट केमिकल महाग आहे. भरून मिळायलाही वेळ गेला, जवळच्या दुकानात ते द्रावणच नव्हतं. तोवर तळण छोट्या कढईत केलं, बाजूला तिच्या मापाचं स्टीलचं झाकण ठेवून.

वापरल्यानंतरची साफसफाई फारशी नाही. कढई पूर्ण निवेपर्यंत हलवली नाही, फेसासकट तेल टाकून दिलं, ओटा गरम पाण्याने धुतला. सिलिंडर आता ओट्याच्या वर न ठेवता दाराच्या चौकटीशी लावलाय. आग लागल्यावर ओट्यापर्यंत हात पोचत नाही.