सोळा नव्हे, वन-सिक्स: वरच्या पहिल्या दाढेसाठी कोणती नंबरिंग पद्धत धरावी?

फर्स्ट बीडीएसचं डेंटल अ‍ॅनाटॉमीचं प्रॅक्टिकल जवळ आलं की ज्युनिअर्स हा प्रश्न विचारतातच. एफडीआय, पामर आणि युनिव्हर्सल या तिन्ही पद्धती पाठ तर करायच्याच आहेत, पण दात हातात आल्यावर डोक्यात आधी कोणती यावी? मी स्वतः पामरने सुरुवात केली आणि मधल्या टर्मला एफडीआयवर आलो. का आलो, ते एकाच दातावरून सांगतो. दात म्हणजे वरची कायमची पहिली दाढ. स्पॉटिंगच्या टेबलावर ती हमखास असते, शिवाय मला तिनेच फसवलं.

युनिव्हर्सलचं आधी उरकून घेतो. तिच्यात ही दाढ उजवीकडे ३ आणि डावीकडे १४. दोन्ही एकाच घाटाचे, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले दात, पण आकड्यांकडे बघून कुणाला ते नातं कळणार नाही. एक युक्ती आहे: वरच्या जबड्यात जोडीच्या दोन दातांच्या आकड्यांची बेरीज नेहमी १७ येते, खालच्या जबड्यात ४९. म्हणजे ३ आठवला की १४ काढता येतो. पण परीक्षेत दात ओळखायचा की बेरजा करायच्या? त्यातही खरी भानगड या १४ मध्येच आहे. एफडीआयमध्ये १४ म्हणजे वरचा उजवा पहिला प्रीमोलर. अमेरिकन व्हिडिओ बघून मी नोट्स काढल्या होत्या, त्यात एका पानावर नुसतं ‘१४’ असं शीर्षक होतं आणि खाली तीन मुळं, ऑब्लिक रिज वगैरे. इंटर्नलच्या आदल्या रात्री ते पान उघडलं आणि प्रीमोलरला तीन मुळं कुठून आली म्हणून पाच मिनिटं घाम फुटला. दोन्ही पद्धतींत येणारे आकडे बरेच आहेत, पण एकाही आकड्याचा अर्थ दोन्हीकडे एकच दात असा होत नाही. ज्यांना पुढे अमेरिकेत प्रॅक्टिस करायची आहे, आयएनबीडीई द्यायची आहे, त्यांना युनिव्हर्सल पक्की लागेलच. बाकीच्यांनी ओळख ठेवावी, एवढंच मी म्हणेन.

खरी निवड पामर आणि एफडीआय यांच्यातली आहे.

पामरबद्दल मला अजूनही जिव्हाळा आहे. व्हिएन्नाच्या झिगमोंडींनी १८६१ मध्ये मांडलेली ही कल्पना पुढे अमेरिकेत पामर यांच्या नावाने रुळली. समोर बसलेल्या पेशंटचं तोंड एका अधिकच्या चिन्हाने चार भागांत वाटायचं आणि दाताचा क्रमांक त्या कोपऱ्यात लिहायचा. पाठांतर जवळजवळ नाहीच. वरची उजवी पहिली दाढ म्हणजे ६, त्याच्या उजवीकडे उभी रेघ आणि खाली आडवी. पानावर तोंडाचं चित्रच उमटतं. ऑर्थोवाले तिला सहजासहजी सोडत नाहीत ते उगीच नाही.

आता दात हातात घेऊ. माझ्या डब्यात एक आहे, ओळखीच्या क्लिनिकमधून आणलेला, बराच झिजलेला. त्याचं डिस्टोबक्कल मूळ टोकाला तुटलंय आणि कॅराबेलीचा कस्प अजिबात नाही. असा दात परीक्षेला येणारच, कारण छान जपलेले नमुने डिपार्टमेंट कपाटात ठेवतं.

तीन मुळं आहेत, म्हणजे वरचा मोलर. ऑक्लुजल बाजूने बघितलं तर बाह्यरेषा तिरक्या चौकटीसारखी, रॉम्बॉइड. मेसिओबक्कल आणि डिस्टोपॅलेटल हे कोपरे टोकदार, उरलेले दोन बोथट. पॅलेटल बाजूला चौथा कस्प नीट वाढलेला आहे आणि मुळं एकमेकांपासून चांगली फाकलेली आहेत, म्हणून ही पहिली दाढ. दुसऱ्या दाढेत हा डिस्टोपॅलेटल कस्प लहान होत जातो, कधी नाहीसाच होतो, आणि मुळंही जवळ येतात. कॅराबेलीच्या भरवशावर राहू नका. असला तर आनंद, नसला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

एवढ्यावर ‘६’ आणि ‘वरचा’ मिळाले. राहिली बाजू, आणि मार्क जातात ते इथेच.

एकटं, लांब, जाड मूळ आहे ती पॅलेटल बाजू. तिच्यावर दोन कस्प: मोठा मेसिओपॅलेटल, जो अख्ख्या दातातला सगळ्यात मोठा, आणि लहान डिस्टोपॅलेटल. म्हणजे लहान कस्प आहे तिकडे डिस्टल. शंका आली तर ऑब्लिक रिज बघायची. ती मेसिओपॅलेटलकडून निघून तिरकी डिस्टोबक्कलकडे जाते. झीज झाली तरी तिचा उंचवटा बऱ्याचदा बोटाला लागतो. माझ्या दातात तीही जवळजवळ सपाट झालीय, मग मी मुळांकडे जातो. बक्कल बाजूच्या दोन मुळांपैकी मेसिअल मूळ बक्कोपॅलेटल दिशेने रुंद आणि चपटं, डिस्टल बारीक आणि गोलसर. टोक तुटलं तरी बुंध्याची जाडी खोटं बोलत नाही.

मेसिअल सापडलं की दात तोंडात असतो तसा धरायचा: क्राउन खाली, मुळं वर, बक्कल बाजू आपल्याकडे. आता मेसिअल आपल्या उजव्या हाताला आलं तर दात उजवा, डाव्या हाताला आलं तर डावा. माझा हा दात उजवा आहे.

पण पहिल्या टर्मला मी त्याला डावा समजायचो. कारण फालतू आहे. दात टेबलावर ठेवलेला असतो तसाच, क्राउन वर आणि मुळं खाली असा मी उचलायचो. वरचा दात उलटा धरला की मेसिअल दुसऱ्या हाताला जातं आणि उजव्याचा डावा होतो. ही चूक मी नियमाने करत होतो, आणि तरी मला मार्क मिळत होते!

कसे, तर पामरमुळे. दात डावा ठरवून मी कोपरा काढायला जायचो. डावा म्हणजे कागदाची डावी बाजू, या समजुतीने ६ उभ्या रेघेच्या डावीकडे लिहायचो. पण पामरमध्ये पेशंट समोर बसलेला असतो, त्यामुळे कागदाची डावी बाजू म्हणजे त्याची उजवी. एक चूक दात धरण्यात, दुसरी कोपरा काढण्यात, आणि दोन्ही मिळून उत्तर बरोबर. वहीत टिकमार्क. हे एकदा-दोनदा नाही, जवळजवळ पूर्ण टर्म चाललं. शेवटी एका व्हायव्हात सरांनी लिहिलेलं बघितलंच नाही, दात हातात दिला आणि तोंडी विचारलं, ‘‘राइट का लेफ्ट?’’ मी ठामपणे लेफ्ट म्हणालो. त्यांनी तोच दात दुसऱ्यांदा दिला. मी पुन्हा लेफ्ट म्हणालो.

कुणी म्हणेल, यात पामरचा काय दोष, धरणारा चुकला. खरं आहे. पण ज्या पद्धतीत माझी चूक चिन्हाच्या आड लपून राहते, ती शिकताना मला नको वाटली. एफडीआयमध्ये मी डावा ठरवला असता तर २६ लिहिलं असतं आणि पहिल्याच दिवशी लाल शाईने कापलं गेलं असतं. आकड्याला आरसा नसतो.

दुसरी गोष्ट मला वापरता वापरता जाणवली. एफडीआयचे दोन आकडे बरोबर तिथे तुटतात जिथे दाताचा पुरावा तुटतो. पहिला आकडा जबडा आणि बाजू सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासूनची जागा. स्पॉटवर आधी ६ लिहून ठेवता येतो. तीन मुळं दिसली की पुढे १ किंवा २ एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर मेसिअलपाशी. वेळ संपत आला असेल तर आपलं नेमकं काय अडलंय ते कळतं. म्हणूनच हा आकडा ‘सोळा’ असा वाचायचा नाही, ‘वन-सिक्स’ असा सुटा म्हणायचा. तसा म्हटला की ऐकणाऱ्यालाही दोन वेगळी उत्तरं मिळतात. शिवाय मोबाइलवर टाइप करताना पामरचा कोपरा काढायचा कुठून? आमच्या ग्रुपवर नुसता ६ यायचा आणि खाली चौघांचे चार अर्थ.

एफडीआय कुठे कमी पडते तेही सांगायला हवं. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात ही दाढ नुकतीच येते, कुठलाही दुधाचा दात न पाडता, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे. ती दुधाची दाढ दिसायला हिचीच लहान आवृत्ती: चार कस्प, ऑब्लिक रिज, कधी कॅराबेलीसुद्धा. फरक म्हणजे ती आकाराने लहान, रंगाने जास्त पांढरी, आणि मानेपाशी फुगीर. पामरमध्ये एक ‘ई’ आणि दुसरी ‘६’, गोंधळच नाही. एफडीआयमध्ये ५५ आणि १६. दुधाच्या दातांना उजवीकडे वर ५ का लागतो, हे सुरुवातीला पाठच करावं लागतं. कायमच्या दातांचे चार भाग १ ते ४, मग त्याच क्रमाने दुधाचे ५ ते ८. लहान मुलांच्या चार्टिंगपुरतं पामर सरस आहे असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

तुमच्या कॉलेजात पामर मागत असतील तर अर्थात पामर लिहा. मी सेकंड टर्मपासून काय केलं ते सांगतो: उत्तरपत्रिकेत आधी शब्दांत ‘परमनंट, मॅक्सिलरी, राइट, फर्स्ट मोलर’, शेजारी १६, आणि मागितलं असेल तरच कोपरा, तोही १६ वरून काढलेला. डब्यातल्या त्या दाताच्या पॅलेटल मुळावर मी तेव्हा मार्करने १६ लिहिलं होतं. अर्धं पुसलंय, आता फक्त ६ दिसतो. बाजू मात्र दर वेळी हातात धरूनच बघतो, क्राउन खाली करून.