दशलक्षणात पूर्ण रजा मागावी की सवलत? मुख्याध्यापकांना अर्ज लिहिण्याआधी

सांगलीकडच्या एका हायस्कूलमध्ये मी बरीच वर्षं वर्गशिक्षिका होते. भाद्रपद आला की टेबलावर दोन तऱ्हेचे अर्ज यायचे. एकात लिहिलेलं असायचं, 'पर्वानिमित्त दहा दिवस रजा मिळावी.' दुसऱ्यात, 'मुलगी शाळेत येईल, पण तिचा उपास आहे, सांभाळून घ्यावे.' पहिल्यात मागणी फार मोठी आणि दुसऱ्यात नेमकं काय हवंय तेच नाही, म्हणून दोन्ही अडायचे. यातलं काय निवडायचं, हे २०२५ सालचं कॅलेंडर समोर ठेवून सांगते.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व दुसऱ्या दिवशी पंचमीला बसलं आणि ६ सप्टेंबरला, शनिवारी, अनंत चतुर्दशीला संपलं. तिथीने दहा दिवस झाले. आता शाळेच्या सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवा. ३१ ऑगस्टला रविवार. १ सप्टेंबरला गौरीपूजन, ५ तारखेला ईद-ए-मिलाद आणि ६ तारखेला अनंत चतुर्दशी. या तिन्ही सुट्ट्या शाळेच्या यादीत असतील, तर शाळा बुडते ती २८, २९, ३० ऑगस्ट आणि २, ३, ४ सप्टेंबर, म्हणजे फक्त सहा दिवस. तरीही 'दहा दिवसांची रजा' असं वाचलं की मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी येणारच. अर्जात पर्वाचे दिवस मोजू नका, शाळेचे मोजा.

त्यानंतरचा प्रश्न मुलगी नेमकं काय करणार आहे हा. एकभुक्त असेल तर गणित सोपं आहे. अकरा ते पाचची शाळा असेल तर दहाला घरी जेवून निघायचं आणि मग दिवसभर फक्त गाळून उकळलेलं पाणी. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो, त्यामुळे पाचला शाळा सुटली तरी घरी येऊन शेवटचं पाणी घ्यायला वेळ उरतो. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा जेवण दुपारी घरी आल्यावर. एकभुक्त करणाऱ्या मुलीला रजा लागत नाही. तिला लागतात तीन गोष्टी: शारीरिक शिक्षणाच्या तासाला बसून राहण्याची मुभा, उकळलेल्या पाण्याची स्वतःची बाटली जवळ ठेवायची परवानगी आणि मधल्या सुट्टीत डबा न खाण्याबद्दल कुणी टोकू नये ही व्यवस्था. (तिसरी किरकोळ वाटेल, पण मुलं रडत घरी जातात ती बहुतेक वेळा याच कारणाने.)

निर्जळ किंवा फक्त पाण्यावरचा उपास असेल तर मात्र त्या दिवशी रजाच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. परिपाठाला उन्हात उभी राहिलेली मुलगी चक्कर येऊन पडली की शाळा घाबरते आणि पुढच्या वर्षी सगळ्यांच्याच अर्जांकडे संशयाने बघते.

माझ्या वर्गातल्या नववीच्या एका मुलीची आई दहा दिवसांचा अर्ज घेऊन आली होती. मी विचारलं, "ताई, रोज निर्जळ करणार आहे का ती?" त्या म्हणाल्या, "नाही हो मॅडम. पंचमी, अष्टमी, चतुर्दशी तेवढे उपास. बाकी एकभुक्त. पण सकाळी बस्तीत अभिषेकाला जायचं असतं ना." आम्ही कॅलेंडर काढलं. अष्टमी रविवारी येत होती. चतुर्दशीला शाळेलाच सुट्टी होती. उरली एकटी पंचमी, गुरुवार, २८ ऑगस्ट. अभिषेक शाळा भरायच्या आत उरकत होता, अडचण होती ती शनिवारच्या सकाळच्या शाळेची. म्हणून अर्ज झाला एका दिवसाच्या रजेचा, ३० तारखेला तासभर उशिरा येण्याचा आणि बाकी दिवसांच्या सवलतीचा. वर्गशिक्षकांच्या शिफारशीने तो त्याच दिवशी मंजूर झाला.

सहा दिवसांच्या रजेत बिघडलं असतं ते हजेरीचं नव्हे. दहावीला बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट आहे, आणि वर्षात शाळेचे साधारण २२० दिवस धरले तरी ५५ दिवसांपर्यंतची गैरहजेरी त्यात बसते. सहा दिवसांनी काही होत नाही, आजारपणाने आधीच दिवस गेले असतील तर गोष्ट वेगळी. बिघडली असती ती घटक चाचणी. आमच्याकडे ती त्या वर्षी ३ आणि ४ सप्टेंबरला होती. रजा मंजूर झाली म्हणजे चाचणी पुन्हा घेतली जाईलच असं नसतं. तेव्हा दोन्ही वाटा शेजारी ठेवताना हजेरीपत्रकापेक्षा चाचणीचं वेळापत्रक आधी बघावं. उपास आणि चाचणी एकाच दिवशी येत असतील, तर अर्जात 'चाचणीस हजर राहून त्यानंतर घरी जाण्याची परवानगी मिळावी' हे वाक्य रजेपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पालक आणखी एका ठिकाणी अडखळतात: अर्ज एकट्याचा द्यावा की चार-पाच घरांनी मिळून? रजेसाठी एकट्याचाच. प्रत्येक मुलाची नोंद त्याच्या हजेरीत होते, सामूहिक अर्जावर कुणाची किती दिवस रजा हे लिपिकालाही कळत नाही. शिवाय पंचवीस सह्यांचा कागद समोर आला की तो विनंती न वाटता दबाव वाटतो. सामूहिक अर्जाचा उपयोग वेगळा आहे. चाचणी चतुर्दशीच्या आदल्या दिवशी नको, किंवा मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एखादी सुट्टी या पर्वात द्यावी, अशा मागण्या मिळूनच करायच्या. पण त्या जूनमध्ये, वेळापत्रक ठरायच्या आत. ऑगस्टच्या अखेरीस मुख्याध्यापकांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

एकट्याचा अर्ज आठवडाभर आधी द्यावा, वर्गशिक्षकांमार्फत. सही पालकांची. कार्यालयातून आवक क्रमांक टाकलेली प्रत घ्यावी. त्या आईंनी दिलेला मजकूर साधारण असा होता:

प्रति,
मा. मुख्याध्यापक
(वर्गशिक्षकांमार्फत)

विषय: दशलक्षण पर्वानिमित्त एक दिवसाची रजा व काही सवलती मिळणेबाबत.

महोदय,
माझी मुलगी इयत्ता नववीत शिकत आहे. दि. २८ ऑगस्ट २०२५ रोजी तिचा पूर्ण उपवास असल्याने त्या दिवसाची रजा मिळावी, ही विनंती. दि. ३० ऑगस्ट रोजी ती एक तास उशिरा येईल. दि. २९ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात ती एकभुक्त करणार असून नियमित शाळेत येईल. या दिवसांत तिला शारीरिक शिक्षणाच्या तासास प्रत्यक्ष खेळण्यातून सूट मिळावी. उकळलेल्या पाण्याची स्वतःची बाटली जवळ ठेवण्याची परवानगी असावी. घटक चाचणीस ती हजर राहील. बुडालेला अभ्यास व गृहपाठ ती दि. ८ सप्टेंबरपर्यंत पूर्ण करून दाखवेल. तिला अस्वस्थ वाटल्यास मला दूरध्वनी करावा, तसेच गरज पडल्यास तिला खाण्यास देण्यास आमची संमती आहे. शाळेच्या नियमांचे पालन करण्याची जबाबदारी आमची राहील.

आपली विश्वासू,
(पालकाची सही व दूरध्वनी क्रमांक)

शेवटून दुसरं वाक्य बहुतेक अर्जांत नसतं आणि शिक्षकांना तेच सगळ्यात हवं असतं. मुलीला भोवळ आली तर साखरपाणी द्यावं की नाही, या विचारात मी एकदा दहा मिनिटं घालवली आहेत. तेव्हा घरच्यांचा फोन लागत नव्हता.

रमजानच्या रोजासाठीही हाच साचा चालतो, फक्त बाटलीची ओळ काढायची, कारण रोजात पाणीही चालत नाही. आणि ईदच्या दुसऱ्या दिवसाची रजा मागायची असेल तर तारखेपुढे 'चंद्रदर्शनानुसार' लिहावं, नाहीतर ईद एक दिवस पुढे गेली की नवा अर्ज घेऊन पुन्हा कार्यालयाची पायरी चढावी लागते.