सरकी तेलाच्या कूलरचं क्षेत्रफळ तुकड्यांनी काढणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

जळगाव-धुळे पट्ट्यातल्या तेल रिफायनरींसाठी डबल पाइप कूलरचं गणित आम्ही गेले काही महिने तुकडे पाडूनच करतोय. पूर्ण लांबीला एकच यू धरण्याची सोपी पद्धत गरम तेलापुरती चालते. तेल थंड करून टाकीत सोडायचं असेल, तर तिथे ती दगा देते.

रोजच्या कामातलंच उदाहरण घेऊ. ताशी ६००० किलो सरकी तेल ११० वरून ५० अंशांवर आणायचंय. उष्मा क्षमता २.१ धरली तर एकूण भार २१० किलोवॅट. उलट्या दिशेने ताशी १८ घनमीटर पाणी येतं, ते ३० चं ४० होतं. आतला पाइप दीड इंची, शेड्यूल ४०. सरासरी तापमान ८० अंश, तिथला यू २६० (बाहेरच्या पृष्ठभागावर, फाउलिंग धरून). एलएमटीडी ३९.९. उत्तर २०.२ चौरस मीटर. सहा-सहा मीटरच्या दोन पायांची एक हेअरपिन १.८२ चौरस मीटर देते, म्हणजे १२ हेअरपिन. कोटेशन तयार!

आता तेलाकडे बघा. १०० अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी साधारण ७-८ सेंटिपॉइज असते, ५० ला ती २५ च्या घरात जाते. त्यामुळे त्याच पाइपात रेनॉल्ड्स नंबर ७००० वरून थेट २१०० पर्यंत उतरतो. वाटेत प्रवाहाचा खळबळाट शांत होत जातो आणि यू हळूहळू न घसरता शेवटी एकदम कोसळतो. म्हणून भार तुकड्यांत वाटायचा, प्रत्येक तुकड्याच्या मधल्या तापमानाला यू काढायचा, त्या तुकड्याचा स्वतःचा एलएमटीडी घ्यायचा आणि क्षेत्रफळांची बेरीज करायची:

```
A = Σ 1000 × Qi / (Ui × LMTDi)

तेल       Q(kW)  U    LMTD   A(m²)
110–90     70    320  61.3    3.6
90–70      70    260  44.5    6.0
70–60      35    200  32.3    5.4
60–50      35    120  23.9   12.2
बेरीज     210                27.2
```

२७.२ म्हणजे १५ हेअरपिन. शेवटची ओळ पुन्हा वाचा: उष्णतेचा सहावा हिस्सा, पण क्षेत्रफळाचा ४५ टक्के. ७० ते ५० हा एकच तुकडा धरून मधल्या ६० अंशांचा यू १६० लावला असता तर बेरीज २५.५ वर थांबली असती. वरचे तुकडे आणखी बारीक केले तर दशांशाच्या पुढे फारसं हलत नाही. तेव्हा सगळीकडे सारखे तुकडे पाडत बसू नका, कात्री थंड टोकाला चालवा. आणखी एक, तुकडे लांबीचे पाडायचे नसतात, उष्णतेचे पाडायचे. लांबी हेच तर उत्तर आहे.

शीटमध्ये सगळ्यात जास्त गडबड होते ती भिंतीच्या तापमानाची. थंड टोकाला पाइपाची भिंत पाण्याच्या जवळ, पस्तीसेक अंशांवर असते आणि तिला चिकटलेलं तेल मधल्या तेलापेक्षा घट्ट असतं. व्हिस्कॉसिटीच्या गुणोत्तराची दुरुस्ती प्रत्येक तुकड्याला वेगळी लावावी लागते. भिंतीचं तापमान आधी अंदाजाने धरा, यू काढा, मग तेच तापमान पुन्हा तपासा. दोन फेऱ्यांत जुळतं. रेनॉल्ड्स ३००० च्या खाली गेला की टर्ब्युलंट प्रवाहाचं सूत्र फुगवून आकडा देतं. तिथे लॅमिनारचा आकडाही काढून दोघांच्या मधला, खालच्या बाजूचा धरावा. वरचा १२० तसाच आलाय.

१२ हेअरपिनवर भागवलेला कूलर ओळखणं सोपं आहे. तेल ५४ च्या आसपास अडकतं, पाणी मात्र व्यवस्थित थंड असतं. मग हमखास पाण्याचा पंप मोठा करायचा सल्ला येतो. त्याने फार काही हाती लागत नाही, कारण शेवटच्या भागात अडथळा तेलाच्या बाजूला आहे, पाण्याचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत. शेवटच्या हेअरपिनमध्ये ट्विस्टेड टेप घातला तर फरक पडतो, फक्त तेलाच्या पंपाला तेवढा दाब देता आला पाहिजे.

खान्देशात मे महिन्यातल्या ४४ अंशांची सगळ्यांना धास्ती, पण ती हवा कोरडी असल्याने कूलिंग टॉवर तग धरतो. खरी परीक्षा श्रावणातल्या दमट दिवसांत. पाणी ३० ऐवजी ३३ ने आलं तर नुसता शेवटचा तुकडाच १२.२ वरून १४ वर जातो, म्हणजे तिथेच एक हेअरपिन वाढली.

पद्धतीची मर्यादाही आहे. हा सरळ हिशेब निव्वळ उलट्या प्रवाहाचा. शेल-अँड-ट्यूबमध्ये दोन किंवा चार पास असले की शेलच्या एकाच जागी वेगवेगळ्या तापमानाचं पाणी समोर येतं. तिथे हे कोष्टक जसंच्या तसं लावू नका, प्रत्येक बॅफलच्या कप्प्यात सगळ्या पासांचा उष्णतेचा हिशेब एकत्र सोडवावा लागतो, आणि ते एक्सेलच्या एका पानात मावत नाही.