जर-तर: कोष्टकातले घ्यायचे की बोलण्यातले?

फासा पडला आहे, पण वाटीखाली झाकलेला आहे. कोणीतरी म्हणते, "सम संख्या पडली असेल तर ती सहाच आहे." हे खरे असण्याची शक्यता किती?

बहुतेक जण असा हिशोब करतात: सम संख्या एकूण तीन आहेत: दोन, चार आणि सहा. त्यांतली एक सहा. म्हणून एक तृतीयांश. तर्कशास्त्राचे सत्यता कोष्टक मात्र दोन तृतीयांश सांगते, म्हणजे थेट दुप्पट. दोन्ही उत्तरे बिनचूक गणिताने येतात, फक्त 'जर-तर'चा अर्थ दोघांनी वेगळा घेतलेला असतो. पुरावा लिहिताना, नियम तपासताना किंवा नुसता अंदाज बांधताना यांतला कोणता अर्थ घ्यायचा, हे ज्याला ठरवायचे आहे त्याच्यासाठी ही तुलना.

कोष्टकाचा अर्थ, ज्याला मटेरियल इम्प्लिकेशन म्हणतात, एवढाच: 'जर क तर ख' फक्त एकाच परिस्थितीत खोटे, क खरे असून ख खोटे असेल तेव्हा. एरवी ते खरे. म्हणजेच 'क नाही, किंवा ख आहे'. फाशावर लावून पाहा:

| पडलेली संख्या | कोष्टक काय म्हणते | बोलणारा काय म्हणतो |
|---|---|---|
| १, ३, ५ | खरे | प्रश्नच उद्भवत नाही |
| २, ४ | खोटे | खोटे |
| ६ | खरे | खरे |

सगळा फरक पहिल्या ओळीत आहे. विषम संख्या पडली की कोष्टक ती विधानाच्या बाजूने मोजते, म्हणून सहापैकी चार. बोलणारा ती मोजणीतूनच काढून टाकतो. पैज लावली असती तर ती रद्द झाली असती, कोणी जिंकले नसते की हरले नसते. म्हणून तीनपैकी एक.

मग कोष्टक असे का केले? मनमानीने नाही. "जी संख्या चारने भागली जाते ती सम असते" हे विधान घ्या. ते प्रत्येक संख्येला लागू आहे, म्हणून ८ साठी, ६ साठी आणि ७ साठीही ते खरे ठरलेच पाहिजे. ८ ला दोन्ही भाग खरे आहेत. ६ चारने भागली जात नाही, पण सम आहे. ७ ला दोन्ही भाग खोटे. या तिन्ही ओळींना 'खरे' म्हटले नाही तर ७ या एका संख्येमुळे अख्खा नियम कोसळेल. मला वाटते, कोष्टकाची खरी जागा मराठीतल्या 'जो-तो' रचनेत आहे. तिथे ते अजिबात विचित्र वाटत नाही. विचित्र वाटते ते एकाच घटनेबद्दलच्या 'असेल तर' मध्ये.

त्यातही 'सगळे' वरून 'बहुतेक' वर आलात की कोष्टक लगेच फसवते. फासा ६०० वेळा टाकला आणि प्रत्येक संख्या १०० वेळा पडली असे धरा. "बहुतेक वेळा, सम पडली तर सहा पडते" हे कोष्टकाने मोजले तर ६०० पैकी ४०० वेळा खरे, म्हणजे विधान बरोबर! प्रत्यक्षात सम पडलेल्या ३०० पैकी फक्त १०० वेळा सहा आहे. माहिती मोजणारा प्रोग्राम लिहिताना ही चूक सहज होते:

```python
r = range(1, 7)
sum(x % 2 == 1 or x == 6 for x in r)     # 4
sum(x == 6 for x in r if x % 2 == 0)     # 1
```

पहिल्या ओळीचा निकाल सहाने भागायचा, दुसरीचा तीनने. ओळखायची खूण सोपी आहे: आधी छेद काय आहे ते विचारा. 'जर'चा भाग पूर्ण न करणाऱ्या नोंदीही छेदात असतील, तर तुम्ही कोष्टक वापरत आहात.

नकाराच्या वेळी फरक आणखी बोचतो. "सम असेल तर सहाच" हे ऐकून तुम्ही म्हणालात, "छे, असे काही नाही." कोष्टकाप्रमाणे तुम्ही नकळत ठामपणे सांगितलेत की संख्या सम आहे आणि ती सहा नाही. वाटीखालचे तुम्ही पाहिलेलेही नाही! बोलण्यातला नकार एवढेच म्हणतो की सम असली तरी सहाच असेल असे नाही. म्हणून वादात समोरच्याचे जर-तर नाकारताना त्यावर कोष्टकाचा नियम लावू नये.

कोष्टकाच्या बाजूचा सर्वांत जोरदार युक्तिवाद मात्र आपल्याच भाषेत दडला आहे. "विषम आहे, नाहीतर सहा आहे" यावरून "विषम नसेल तर सहा आहे" असे आपण बिनदिक्कत म्हणतो. 'नाहीतर' या शब्दातच 'नाही' आणि 'तर' आहेत. मग दोन्हींचा अर्थ एकच नाही का? समजा, मी वाटी उचलून ३ पाहिले आणि परत झाकली. माझ्यापुरते "विषम नाहीतर सहा" हे निश्चित खरे आहे, कारण विषम आहेच. पण "विषम नसेल तर सहा" म्हणायला मला काहीच आधार नाही. दोन किंवा चारही असू शकले असते. 'नाहीतर'वरून 'तर'कडे जाणे तेव्हाच सुरक्षित, जेव्हा पहिला पर्याय खोटा ठरला तरी 'नाहीतर'वरचा विश्वास टिकतो.

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी वेगळी वाट काढली. त्यांच्या मते अर्थ कोष्टकाचाच. ३ माहीत असताना "विषम नाहीतर सहा" म्हणणे खटकते ते केवळ माहिती दडवल्यामुळे. बोलण्यापुरते हे पटते. पण वाटीपुढे गप्प बसून मनातल्या मनात शक्यता ठरवतानाही आपण एक तृतीयांशच म्हणतो, आणि तिथे कोणाशी संवाद चाललेला नसतो. म्हणून ही वाट मला अपुरी वाटते.

दुसरी बाजू, म्हणजे बोलण्यातल्या अर्थाची, तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्सी यांनी १९२९ मध्ये एका छोट्या तळटिपेत मांडली: 'जर' मनात तात्पुरते धरा आणि मग 'तर'वर किती विश्वास बसतो ते पाहा. बोलण्याशी हे छान जुळते, पण त्याची किंमत आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९७६ मध्ये दाखवले की काही क्षुल्लक अपवाद सोडले, तर सदैव या सशर्त शक्यतेइतकीच शक्यता असलेले साधे खरे-खोटे विधान मिळूच शकत नाही. त्यामुळे 'जर-तर'च्या पोटात आणखी 'जर-तर' घालायचे झाले की हा अर्थ अडखळतो. कोष्टक तिथे न थांबता चालत राहते.

"सम पडली असती तर सहा पडली असती" हा 'असती'चा प्रकार दोन्हींपासून वेगळा ठेवा. ३ पडल्याचे कळल्यावर कोष्टक हेही खरे म्हणते आणि "सम पडली असती तर चार पडली असती" हेही. तिथे ते निरुपयोगीच आहे.

आता निवड. 'सगळ्यां'बद्दलचा पुरावा किंवा नियम असेल तर कोष्टक घ्या. एका घटनेचा अंदाज, पैज किंवा 'बहुतेक' असेल तर बोलण्यातला अर्थ घ्या. दोन उत्तरांतले अंतर किती, हेही मोजता येते: 'जर' खोटे असण्याची शक्यता गुणिले, 'जर' खरे धरल्यावर 'तर' खोटे असण्याची शक्यता. फाशावर ते १/२ × २/३, म्हणजे १/३. 'जर' जवळजवळ नक्की असेल, किंवा 'जर' धरल्यावर 'तर' जवळजवळ नक्की असेल, तर अंतर शून्याकडे जाते आणि कोणताही अर्थ घेतला तरी चालते.